डेड स्पॉट स्पीड टेस्टने सापडत नाही

घरातल्या एका खोलीत वायफाय नीट चालत नसेल, तर स्पीड टेस्टचे अ‍ॅप उघडावे, हॉलमध्ये एकदा आणि त्या खोलीत एकदा चाचणी घ्यावी, आणि दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली की राउटर बदलावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. दुकानात तो मिळतो, नेटची जोडणी करायला आलेला माणूस तोच देतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही तोच फिरत असतो. या सल्ल्यामागे दोन समजुती आहेत. स्पीड टेस्टचा आकडा म्हणजे त्या खोलीतल्या वायफायचा आकडा, ही पहिली. आणि आकडा कमी म्हणजे राउटर कमजोर, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि त्यांच्या भरवशावर हजारो रुपयांची खरेदी होते.

स्पीड टेस्ट मोजते ती फोनपासून इंटरनेटवरच्या एका सर्व्हरपर्यंतच्या सगळ्या वाटेची गती. त्या वाटेत फोनचा रेडिओ येतो, मधल्या भिंती येतात, राउटर येतो, राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंतची केबल येते, इंटरनेट कंपनीची लाइन येते आणि शेवटी तो सर्व्हर येतो. आकडा निघतो तो या सगळ्यांत जो टप्पा सर्वांत अरुंद असेल त्याचा. तो टप्पा कोणता, हे अ‍ॅपला कळत नाही.

१०० एमबीपीएसचा प्लॅन असलेले घर घेतले तर यातली अडचण उघड होते. राउटरच्या समोर बसलेल्या फोनला पाच गिगाहर्ट्झवर वायफायकडून चार-पाचशे एमबीपीएस सहज मिळू शकतात. एका भिंतीपलीकडे ती क्षमता तीनशेवर येते, दुसऱ्या भिंतीपलीकडे दीडशेवर. पण स्पीड टेस्ट तिन्ही ठिकाणी जवळपास शंभरच दाखवते, कारण लाइनच शंभराची आहे. सिग्नल खोलीगणिक ढासळत चालला आहे, आणि अ‍ॅप मात्र सगळीकडे तोच आकडा दाखवते आहे. वायफायची क्षमता शंभराच्या खाली गेली की मगच आकडा पडू लागतो, आणि तिथून तो झपाट्याने कोसळतो. म्हणून स्पीड टेस्टने शोधणाऱ्याला घर दोनच रंगांत दिसते: ‘उत्तम’ खोल्या आणि एक ‘मेलेली’ खोली. मधला उतार, जो कारण सांगतो, तो दिसतच नाही. प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल तर हा आंधळेपणा आणखी वाढतो.

याच्या उलटही घडते. रात्री नऊ-साडेनऊला, बिल्डिंगमधले सगळे एकाच वेळी काहीतरी पाहत असताना, कंपनीची लाइन स्वतःच मंदावते. हॉलमधली चाचणी संध्याकाळी सहाला आणि बेडरूममधली रात्री साडेनऊला घेतली, तर बेडरूम दोषी ठरते. प्रत्यक्षात फरक वेळेचा असतो. आणि एक गफलत तर अगदी नेहमीची आहे. अनेक अँड्रॉइड फोन वायफाय कमजोर झाले की आपणहून मोबाइल डेटावर जातात. डेड स्पॉटमध्ये उभे राहून घेतलेली स्पीड टेस्ट मग फाइव्ह-जीची गती मोजते आणि जिथे वायफाय जवळजवळ नाही तिथेच सगळ्यांत झकास आकडा दाखवते. चाचणीआधी मोबाइल डेटा बंद करणे ही साधी गोष्ट सल्ला देणारे क्वचितच सांगतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. वापरणाऱ्याला सिग्नलच्या डेसिबलशी काय देणेघेणे? त्याला गती हवी, आणि गतीच मोजली तर बिघडले कुठे? पण वापरणाऱ्याला नुसती गती नको असते, त्याला अखंड चालणारे नेट हवे असते. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. तरीही स्पीड टेस्टमध्ये ४० एमबीपीएस दाखवणाऱ्या खोलीत कॉल तुटतो, आवाज रोबोटसारखा होतो. कारण कमजोर सिग्नलवर पाकिटे हरवतात, ती पुन्हा पाठवावी लागतात आणि उशीर सतत कमी-जास्त होतो. स्पीड टेस्ट काही सेकंद, बहुधा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून, जास्तीत जास्त माल खेचते. त्यात ही पडझड झाकली जाते. म्हणजे ज्या अनुभवाच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, तो अनुभवही ही चाचणी पकडत नाही.

स्पीड टेस्टला काम आहे, पण ते दुसरे आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून, वायफाय बंद ठेवून ती एकदा दुपारी आणि एकदा रात्री घ्यावी. इथे प्लॅनइतकी गती मिळाली तर लाइन ठीक. नाही मिळाली तर दोष बहुधा कंपनीचा किंवा केबलचा, आणि तिथे नवा राउटर घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. याच चाचणीत एक खूण हमखास ओळखता येते. प्लॅन २०० किंवा ३०० चा असून आकडा प्रत्येक वेळी ९४-९५ वरच अडत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचे जुन्या धाटणीचे पोर्ट आहे, किंवा केबलच्या आठ तारांपैकी चारच नीट जोडल्या आहेत. कंपनीने दिलेल्या स्वस्त डब्यांत असे पोर्ट असू शकते. कधी सगळा दोष एका केबलच्या टोकाशी असतो.

डेड स्पॉट शोधायचा तर मोजायचा तो सिग्नल, आणि तो डीबीएममध्ये. हा आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरपासून हातभर अंतरावर उणे ३५-४० दिसतो. उणे ६७ ही वायफायवरून बोलण्याचे कॉल बिनघोर चालावेत म्हणून आखणी करणारे धरतात ती मर्यादा. उणे ७० च्या खाली कुरबुर सुरू होते आणि उणे ८० च्या खाली जोडणी नावापुरती उरते. या मोजपट्टीत दहाने घट म्हणजे शक्ती दहा पट कमी, तीनने घट म्हणजे निम्मी. उणे ६७ आणि उणे ८२ यांत अंतर पंधराचेच दिसते, पण शक्तीत ते तीस पटींहून जास्त आहे. फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन-चार काड्या एवढा मोठा फरक दोन काड्यांत गुंडाळतात, म्हणून त्यांच्यावर निर्णय घेता येत नाही.

अँड्रॉइडवर हा आकडा दाखवणारी चांगली फुकट अ‍ॅप्स आहेत. `WiFiAnalyzer` नावाचे मुक्तस्रोत अ‍ॅप आजूबाजूची सगळी नेटवर्क त्यांच्या चॅनेलसह दाखवते. `WiFiman` हे दुसरे. आसपासची नेटवर्क पाहू देण्यासाठी अँड्रॉइड लोकेशनची परवानगी मागते. ती दिली नाही तर यादी रिकामी येते, आणि अ‍ॅप बिघडले असे वाटते. आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपना ही यादी मिळत नाही. तिथे अ‍ॅपलचेच `AirPort Utility` घ्यावे लागते आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर `Wi-Fi Scanner` चालू करावे लागते. विंडोजच्या लॅपटॉपवर काहीही न उतरवता हे चालते:

```
netsh wlan show interfaces
```

यात सिग्नल टक्क्यांत येतो. टक्क्यांचे निम्मे करून त्यातून शंभर वजा केले की साधारण डीबीएम मिळतात: ६६ टक्के म्हणजे उणे ६७.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांचा प्रतिवाद करायला हवा. ते म्हणतात, स्पीड टेस्ट नको तर नको, नकाशा काढणारे अ‍ॅप घ्या. घराचा आराखडा टाका किंवा कॅमेरा धरून फिरा, हिरव्या-लाल रंगांत डेड स्पॉट समोर येईल. नकाशा उपयोगी आहे यात शंका नाही, पण तो जेवढा ठाम दिसतो तेवढा ठाम नसतो. मोजलेले ठिपके मोजके असतात. त्यांच्यामधला सगळा रंग अ‍ॅपने अंदाजाने भरलेला असतो. दोन ठिपक्यांमध्ये आरसीसीची भिंत आहे हे अ‍ॅपला ठाऊक नसते, आणि ते भिंतीआरपार हळुवार हिरव्याचा पिवळा करते. प्रत्यक्षात तिथे रंग एकदम बदलायला हवा.

मोजणीचा वेगही आड येतो. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून समोर उघड्या असलेल्या अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासची नेटवर्क धुंडाळता येतात. म्हणजे यादीतला आकडा अर्धा मिनिट शिळा असू शकतो, आणि चालत चालत मोजणाऱ्याच्या नकाशात हॉलचा सिग्नल बेडरूमच्या जागी छापला जातो. यावर उपाय सोपा: प्रत्येक जागी पाऊण मिनिट तरी उभे राहावे, मग आकडा टिपावा. फोन हातात धरणाऱ्याचे शरीरही सिग्नल अडवते. राउटरकडे पाठ करून उभे राहिले की आकडा चार-पाचने खाली येतो. म्हणून त्याच जागी चारही दिशांना वळून पाहावे आणि मधला आकडा धरावा. दोन फोनही एकाच जागी सारखे आकडे देत नाहीत. त्यामुळे सगळी मोजणी एकाच उपकरणाने करावी, आणि तक्रार ज्या उपकरणाची आहे त्यानेच केलेली बरी.

नकाशाला सर्वांत जास्त फसवते ती दोन पट्ट्यांची सरमिसळ. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्या एकाच नावाने चालवतात. फोन मधेच एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि नकाशावर लाल खोलीच्या पलीकडे अचानक हिरवी खोली उगवते. चॅनेलचा आकडा पाहिला की हे कळते: १ ते १३ असेल तर २.४, ३६ किंवा पुढचा असेल तर ५. मोजणीपुरती राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि प्रत्येक पट्टीचे आकडे वेगळे लिहावेत. ही एवढी तसदी घेतली नाही तर बाकीची मेहनत वाया जाते.

नकाशा एक गोष्ट दाखवत नाहीच, ती म्हणजे गर्दी. शेजारच्या पंचवीस फ्लॅटचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या चॅनेलवर बोलत असतील, तर सिग्नल उणे ५० असूनही आपल्या राउटरला बोलायला फुरसत मिळत नाही. तिथे खोली हिरवी आणि नेट मंद, असा प्रकार होतो. ते ओळखायला घरातल्या घरात गती मोजावी लागते, म्हणजे इंटरनेटची लाइन वगळून. एक संगणक लॅन केबलने राउटरला जोडावा आणि त्यावर हे चालवावे:

```
iperf3 -s
```

दुसरा लॅपटॉप तक्रारीच्या खोलीत वायफायवर ठेवून, पहिल्या संगणकाचा पत्ता घालून:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 20 -R
```

शेवटच्या `-R` मुळे माल राउटरकडून खोलीकडे येतो. ते काढले की खोलीकडून राउटरकडे जातो. जोडणी होतच नसेल तर आधी पहिल्या संगणकाची फायरवॉल पाहावी. सिग्नल चांगला आणि हा आकडा कमी असेल तर दोष गर्दीचा. सिग्नलही कमी असेल तर दोष अंतराचा आणि भिंतींचा. एवढा भेद कळला की खरेदीचा निम्मा प्रश्न सुटतो.

एक नेहमीचे घर पुरते तपासून पाहू. ठाण्या-पुण्याच्या नव्या टॉवरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, प्लॅन १०० एमबीपीएसचा. अशा इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून भिंती उभ्या करतात. बिल्डर त्याला मिवान म्हणतात. विटांची आतली भिंत पाच गिगाहर्ट्झचा थोडाच सिग्नल खाते, पण लोखंडी जाळी असलेली ही काँक्रीटची भिंत ढोबळमानाने दहा ते वीस डेसिबल घेऊन जाते. इथे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. फायबर डक्टमधून मुख्य दारापाशी येते, म्हणून राउटर दारामागच्या कोनाड्यात, चपलांच्या कपाटावर बसतो. मागच्या बेडरूममध्ये मुलीचे ऑनलाइन वर्ग तुटतात. स्पीड टेस्ट हॉलमध्ये ९५ आणि मागच्या खोलीत ११ दाखवते. सल्ला ठरलेलाच असतो: चार अँटेनांचा राउटर घ्या.

मोजणी केल्यावर चित्र असे दिसते. पाच गिगाहर्ट्झवर हॉलमध्ये उणे ४८, स्वयंपाकघरात उणे ५९, पुढच्या बेडरूममध्ये उणे ६६. मग पॅसेज ओलांडून मागच्या बेडरूमच्या दारात उणे ७३ आणि टेबलापाशी एकदम उणे ८२. हा शेवटचा नऊ डेसिबलचा खड्डा दोन-तीन पावलांत पडला, आणि अंतराने एवढे पडत नाही. टेबल आणि दार यांच्यामध्ये पत्र्याचे मोठे कपाट आहे, आणि राउटरकडून येणारी सरळ रेघ दोन काँक्रीट भिंती तिरक्या छेदत येते. तिरकी भिंत म्हणजे जास्त जाड भिंत. २.४ वर त्याच टेबलापाशी उणे ६९ मिळतात, म्हणजे सिग्नल बरा आहे. पण घरातल्या घरातली गती २० एमबीपीएसच्या आसपास घुटमळते, कारण तिथे आजूबाजूचे राउटर भरले आहेत. लाइनची तारेवरची चाचणी ९५ देते, म्हणजे कंपनी निर्दोष.

या घरात आजार राउटरचा नाही, त्याच्या जागेचा आहे. दहा-बारा मीटरची कॅट-५ई केबल कोनाड्यातून छताच्या कडेने पॅसेजमध्ये नेऊन राउटर तिथे डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर बसवला की मागच्या खोलीच्या वाटेतली एक भिंत गळते. कपाट बाजूच्या भिंतीला सरकवले की टेबलापाशी उणे ६७ आणि स्पीड टेस्टला पूर्ण शंभराच्या जवळचा आकडा मिळतो. हॉलचे उणे ४८ चे उणे ५५ होतात आणि कुणाला जाणवतही नाही. खर्च केबलचा आणि चार क्लिपांचा. आधी राउटर नुसता तात्पुरता स्टुलावर ठेवून, केबल जमिनीवरून ओढून हे मोजून पाहावे, मगच भिंतीला खिळा मारावा.

‘जास्त ताकदीचा’ राउटर घेतला असता तर काय झाले असते? राउटरने किती शक्ती फेकावी यावर कायद्याची मर्यादा आहे, आणि बहुतेक बऱ्या राउटरांत फार तर दोन-चार डेसिबलांचा फरक पडतो. काँक्रीटची एक भिंत त्याच्या कितीतरी पट घेऊन जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वायफाय ही दोन्ही बाजूंची बोलणी आहेत. राउटरचा आवाज मोठा झाला तरी फोनचा होत नाही; फोनची शक्ती आधीच राउटरपेक्षा कमी असते. मोठा राउटर लावल्यावर काड्या वाढतात, डाउनलोड थोडे सुधारते, पण फोनचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचत नाही आणि कॉलमध्ये पलीकडच्याला आवाज तुटकच ऐकू येतो. जास्त अँटेनांनी जवळच्या खोलीत गती वाढते. दोन भिंतींपलीकडे सिग्नल पोहोचवण्याची हमी त्या देत नाहीत.

डेड स्पॉटमध्येच एक्स्टेंडर खोचण्याचा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. एक्स्टेंडर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. उणे ८२ वर बसवला तर तो फुटका सिग्नल मोठ्या आवाजात वाटत राहतो, आणि एकाच रेडिओवर ऐकणे-सांगणे दोन्ही करत असेल तर गती निम्मी होते. त्याची जागा डेड स्पॉटच्या अलीकडे, जिथे अजून उणे ६० ते ६५ मिळतात तिथे. मेशच्या दुसऱ्या डब्यालाही हाच नियम, आणि त्याला केबलने जोडता आले तर वायरलेस मेशपेक्षा ते केव्हाही सरस. वर तपासलेल्या फ्लॅटमध्ये ती जागा पुढच्या बेडरूमच्या दाराशी होती.

खरेदी करावी अशी घरेही आहेत. राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल आणि आसपास गर्दी असेल, तर दोन पट्ट्यांचा राउटर हवाच. कोणत्याही जागेवर हलवून तो प्रश्न सुटणार नाही. प्लॅन १०० च्या वरचा आणि राउटरचे पोर्ट १०० चे असेल तरीही बदल हवा. जांभ्याच्या जाड भिंतींच्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या घरात, वा दोन मजल्यांच्या बंगल्यात, एका राउटरने भागत नाही. तिथे केबल ओढून वरच्या मजल्यावर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे हा खरा उपाय आहे. दुकानात जाताना अँटेनांची संख्या विचारू नये. पोर्ट गिगाबिटचे आहेत का आणि ५ गिगाहर्ट्झ आहे का, हे विचारावे, आणि घरातल्या प्रत्येक खोलीचे दोन्ही पट्ट्यांचे डीबीएम लिहिलेला कागद खिशात असावा. तो कागद तयार नसेल तर राउटर विकत घेऊ नये.